टॉवरचं अर्थिंग वेगळं, घराचं वेगळं : ही चूक टाळा

गावोगावी गच्चीवर किंवा अंगणात इंटरनेटचे टॉवर उभे राहिलेत. टॉवर उभारणारा बहुतेक वेळा इमानदारीने खड्डा खणतो, मीठ-कोळसा घालतो, पट्टी सोडतो. तरीही वळवाच्या पहिल्या कडकडाटात राउटर जातो. मालक म्हणतो, "अर्थिंग तर केलंय की!" केलेलं असतं, पण घराच्या अर्थिंगशी जोडलेलं नसतं.

एक नेहमीची मांडणी घ्या. घरापासून पंधरा मीटरवर टॉवर आहे. त्याच्या खड्ड्याचा रोध 5 ओहम, म्हणजे चांगलाच. घराच्या मीटरजवळ दुसरा खड्डा. दोन्हींना जोडणारी एकच गोष्ट, ती म्हणजे टॉवरवर इंटरनेटचा सिग्नल घेणाऱ्या रेडिओपासून खिडकीतून आत आलेली लॅन केबल. आता टॉवरवर वीज पडली आणि 20 हजार अँपिअर जमिनीत उतरले. 20,000 गुणिले 5, म्हणजे टॉवरचं बूड आणि त्याची पट्टी क्षणभर घराच्या अर्थिंगपेक्षा साधारण एक लाख व्होल्टने वर जाते. हा फरक मिटायला वाट हवी असते. केबल, त्याच केबलमधून रेडिओला वीज पुरवणारा पीओई अडॅप्टर, राउटर आणि तिथून घराचं वायरिंग ही ती वाट. खड्डा सुधारून 5 चे 2 ओहम केले, तरी 40 हजार व्होल्ट उरतातच.

नुकसान कुठे झालंय त्यावरूनही अंदाज येतो. वरचा रेडिओ शाबूत, पण पीओई अडॅप्टर मेला आणि राउटरचा नेमका तोच पोर्ट काळा पडला, तर दोन अर्थिंगमधल्या फरकाचा संशय आधी घ्यावा. खात्रीसाठी स्वच्छ हवामानात मल्टिमीटर एसी व्होल्टवर ठेवून टॉवरची पट्टी आणि घरातल्या सॉकेटची अर्थ पिन यांच्यामध्ये लावा. काही व्होल्ट दिसले, तर जोडणी नाही किंवा सैल आहे. व्होल्ट दिसत नसतील तरच रोध मोजा. मीटरच्या वायरींचा रोध वजा करून तो एक ओहमच्या आत यायला हवा.

उपाय म्हणजे दोन खड्ड्यांमध्ये जमिनीखालून 25×6 मिमीची जीआय पट्टी टाकून टॉवरचं अर्थिंग घराच्या मुख्य अर्थ बसबारला, म्हणजे सगळ्या अर्थ वायरी एकत्र येतात त्या पट्टीला, जोडणं. न्यूट्रलला नाही, हे काम करणाऱ्याला बजावून सांगा. बसबारकडचं काम परवानाधारक इलेक्ट्रिशियनकडूनच करून घ्यावं. "टॉवरचं अर्थिंग घराला जोडलं तर वीज घरात येईल" ही भीती मला जवळजवळ प्रत्येक ठिकाणी ऐकायला मिळते. पण केबलमुळे ती वाट आधीच उघडी असते. पट्टी तिला जाड आणि सोपी वाट देते.

पण एवढ्याने भागत नाही, कारण विजेचा प्रवाह मायक्रोसेकंदात चढतो आणि लांब तार त्याला अडवते. हा अडथळा म्हणजे इंडक्टन्स. सरळ तारेचं ते मीटरला साधारण 1 मायक्रोहेन्री धरा. मूळ प्रवाहाचा छोटासा हिस्सा, समजा मायक्रोसेकंदाला 1,000 अँपिअर या वेगाने वाढणारा, तारेतून गेला, तरी दर मीटरला 1,000 व्होल्ट उभे राहतात. म्हणून राउटरशेजारी अरेस्टर, म्हणजे जादा व्होल्ट अर्थिंगकडे वळवणारं उपकरण, बसवून त्याची हिरवी वायर गुंडाळी करून दोन मीटर लांबच्या अर्थ पॉइंटला नेली, तर त्या अरेस्टरचा फायदा बराचसा त्या वायरीतच संपतो. अशा गुंडाळ्या दिसल्या की मला खरंच वाईट वाटतं, कारण महागडी वस्तू तिथे नुसती टांगलेली असते.

केबल भिंतीतून आत शिरते तिथेच बाहेरच्या बाजूला धातूची एक प्लेट लावा. रेडिओची लॅन, अँटेनाचा कोअ‍ॅक्स असेल तर तो, सगळं एकाच जागेतून आत घ्या. प्रत्येकाचा अरेस्टर त्या प्लेटवर थेट नटबोल्टने बसवा आणि प्लेटपासून अर्थिंगपर्यंत शक्य तितकी आखूड, सरळ पट्टी न्या. वीजपुरवठ्याच्या तारांवरचा तसाच अरेस्टर, म्हणजे एसपीडीही तिथेच जवळ आणून त्याच प्लेटला जोडा, म्हणजे सगळ्या तारांचे व्होल्ट एकत्र वर जातील आणि एकत्र खाली येतील. एक केबल खिडकीतून आणि दुसरी जिन्यातून आणली, तर ही मेहनत फुकट जाते. कोअ‍ॅक्सचा शिल्ड टॉवरच्या माथ्याला आणि केबल टॉवर सोडते त्या वळणाच्या आधी बुडालाही पट्टीला जोडा. तांबं आणि जीआय थेट एकमेकांवर कसू नका, मध्ये टिन चढवलेला लग वापरा, नाहीतर पावसाळ्यात सांधा गंजतो.

रोध मोजायचा तर तो मे महिन्यात. पाऊस मुरल्यावर आकडा छान येतो, पण वळीव येतो तेव्हा काळी माती भेगाळलेली आणि कोकणातला जांभा कोरडा असतो.

ढग दिसले की केबल उपसून टेबलावर ठेवणाऱ्यांनी एवढं लक्षात घ्यावं: केबलचं मोकळं टोक खोलीतच राहिलं, तर ठिणगी तिथूनच उडू शकते. केबल सोडवायची ती वादळ लांब असतानाच, आणि बाहेरच्या प्लेटवर.