हिरवा पडदा निळा झाला तेव्हा

नैसर्गिक रंगकाम शिकायला लागून जेमतेम तीन महिने झाले होते. नीळ जमायला लागली होती, हळद तर पहिल्याच दिवशी जमली होती. दोन्ही एकावर एक चढवले की हिरवा मिळतो, हे कळल्यावर मी सुती कापडाचा एक पडदा रंगवला. आधी नीळ, तिच्यावर हळद. कोवळ्या पानासारखा हिरवा आला आणि तो मी खिडकीला लावला. तिसऱ्या आठवड्यात पडदा धुवायला काढला, तेव्हा उन्हाकडची बाजू निळी झाली होती. फक्त चुण्यांच्या आतल्या बाजूला, जिथे ऊन पोचलं नव्हतं, तिथे हिरवे पट्टे तसेच राहिले होते.

मला वाटलं, मॉर्डंट, म्हणजे रंग धाग्याला बांधून ठेवणारं तुरटीसारखं द्रव्य, कमी पडलं. म्हणून पुढच्या वेळी तुरटी दुप्पट घातली. निकाल तोच. या क्षेत्रात नवीन येणाऱ्याचा सगळ्यात मोठा गोंधळ इथेच असतो, म्हणून हा अनुभव सविस्तर लिहिते आहे. पाण्यात रंग जाणं आणि उन्हात रंग उडणं ही दोन वेगळी दुखणी आहेत. मॉर्डंट पहिल्यावर हमखास चालतं, दुसऱ्यावर थोडंफार, आणि हळदीच्या बाबतीत जवळजवळ नाहीच.

मॉर्डंटचं काम मंजिष्ठेवर सगळ्यात स्वच्छ दिसतं. मंजिष्ठेच्या मुळांतलं लाल रंगद्रव्य, पर्प्युरीन, नुसत्या सुती कापडावर टिकत नाही, फिकट गुलाबी डाग पाडून धुण्यात निघून जातं. तुरटीतलं अॅल्युमिनियम मधे आलं, की ते एका हाताने धाग्याला आणि दुसऱ्या हाताने पर्प्युरीनला धरतं, आणि पाण्यात न विरघळणारा लाल रंग धाग्यातच तयार होतो. अडचण एवढीच, की सूत तुरटीला स्वतःहून नीट धरत नाही. लोकर आणि रेशीम धरतात, सुताला आधी टॅनिन, म्हणजे झाडांतलं तुरट द्रव्य, द्यावं लागतं. ते हिरड्यातून मिळतं.

२०० ग्रॅम कोरड्या कापडाचा माझा हिशेब असा. आधी धुण्याचा सोडा आणि साबण घालून तास-दीड तास उकळायचं. पाणी चहासारखं पिवळट-तपकिरी होतं, ती सगळी कांजी आणि मेण. वाळल्यावर कापडावर पाण्याचा थेंब टाकायचा. थेंब लगेच आत गेला तर कापड तयार, मोत्यासारखा वर बसून राहिला तर पुन्हा उकळायचं. ही पायरी टाळली की पुढे रंग ठिपक्याठिपक्यांचा येतो आणि दोष मंजिष्ठेला लागतो. मग ४० ग्रॅम हिरड्याच्या पुडीच्या कोमट पाण्यात कापड दोन तास ठेवायचं, पिळायचं, पण धुवायचं नाही. त्यानंतर ३० ग्रॅम तुरटी गरम पाण्यात विरघळवून त्यात वेगळा विरघळवलेला ४ ग्रॅम धुण्याचा सोडा हळूहळू ओतायचा. फेस येतो, म्हणून भांडं मोठं घ्यावं. कापड त्यात रात्रभर राहू द्यायचं आणि सकाळी एकदाच हलकं खळबळून घ्यायचं.

मंजिष्ठा पूड १०० ग्रॅम. पाणी तासाभरात सावकाश तापवत ६०-६५ अंशांपर्यंत न्यायचं आणि तिथेच तासभर धरायचं. इथे थर्मामीटरला पर्याय नाही. पाणी उकळीकडे गेलं की मुळातले तपकिरी रंगही बाहेर येतात आणि लालाचा विटकरी होतो.

आता धुण्याची परीक्षा. रंगवलेल्या तुकड्याला तेवढाच पांढरा सुती तुकडा शिवून घ्या आणि लिटरला ५ ग्रॅम साबण घातलेल्या ४० अंशांच्या पाण्यात अर्धा तास हलवा. पहिल्या धुण्याला पाणी लाल होणारच, तो वरवर बसलेला जादा रंग असतो. तिसऱ्या धुण्यालाही पाणी लाल येत असेल आणि पांढरा तुकडा गुलाबी होत असेल, तर मॉर्डंट नीट बसलेलं नाही. नीट मॉर्डंट केलेली मंजिष्ठा तिसऱ्या धुण्यापर्यंत शांत होते.

हळद याच्या उलट. तिला मॉर्डंट लागतच नाही, तिच्यातलं पिवळं रंगद्रव्य करक्युमीन सुताला थेट चिकटतं, म्हणून ती पहिल्याच दिवशी जमते. साबणाच्या पाण्यात ती लालसर-नारिंगी होते, तेव्हा घाबरू नका. अल्कली लागली की करक्युमीनचा रंग बदलतो. लिंबाचे थेंब टाकलेल्या पाण्यात बुडवलं की पिवळा परत येतो. खरा दोष उन्हात आहे. प्रकाशाने करक्युमीनचा रेणूच मोडतो. तुरटी त्या रेणूला धाग्याशी बांधून ठेवील, पण रेणूच तुटल्यावर बांधून काय उपयोग? प्रकाशाला टिकण्याची मोजपट्टी १ ते ८ अशी असते, आणि तिच्यावर हळद अगदी तळाला आहे.

निळीची तऱ्हा तिसरीच. ती पाण्यात विरघळत नाही. कुंडात अल्कलीत तिचा ऑक्सिजन काढून घेतला, की ती पिवळट-हिरवी होऊन विरघळते, धाग्यात शिरते आणि हवा लागताच पुन्हा निळी होऊन आतच अडकते. मॉर्डंटचा संबंधच नाही. धुण्याला आणि उन्हाला ती चांगली टिकते. कमजोरी घासण्यात आहे. कोरडं पांढरं फडकं दहा वेळा घासून बघा. घाईत एकाच लांब बुडीत गडद केलेली नीळ फडक्यावर उतरते. छोट्या-छोट्या सहा-सात बुड्या देऊन, मधे प्रत्येक वेळी हवा दाखवून केलेली नीळ खूप कमी उतरते.

पडद्याचं कोडं आता सुटतं. नीळ टिकली, हळद उडाली. युरोपातल्या जुन्या विणीच्या भिंतचित्रांत झाडांची पानं निळी दिसतात, त्याचंही कारण हेच: वरचा पिवळा गेला आणि खालचा निळा राहिला.

मी मग पट्ट्या लावल्या. नीळ, मंजिष्ठा, तुरटीशिवाय हळद, तुरटीसह हळद आणि तुरटीवर डाळिंबाची साल. प्रत्येक पट्टी अर्धी जाड काळ्या पुठ्ठ्याखाली आणि अर्धी उघडी ठेवून ऊन येणाऱ्या खिडकीत चिकटवली. प्रत्येकीचा एक तुकडा कपाटाच्या अंधारात ठेवला, कारण पुठ्ठ्याच्या कडेतूनही प्रकाश झिरपतो. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी पुठ्ठा उचलला, तर हळदीच्या दोन्ही पट्ट्यांवर पुठ्ठ्याची रेघ सरळ उमटलेली होती, तुरटी असो वा नसो. वीस दिवसांनी मंजिष्ठेवर रेघ डोळे ताणून शोधावी लागली, निळीवर सापडलीच नाही. डाळिंबाची साल थोडी मंद झाली, पण पिवळी राहिली.

पडदा पुन्हा रंगवला, तेव्हा क्रम तोच ठेवला: आधी नीळ, मग तुरटी, मग पिवळा. उलटं केलं तर निळीच्या कुंडातली तीव्र अल्कली खालचं टॅनिन आणि तुरटी दोन्ही उखडते. पिवळ्यासाठी या वेळी ८० ग्रॅम वाळलेली डाळिंबाची साल तासभर उकळून, गाळून घेतली. तिच्यात स्वतःचं टॅनिन असतं, म्हणून हिरडा घातला नाही. कोवळ्या पानाचा हिरवा काही मिळाला नाही, जुन्या पानाचा, जरा मातकट हिरवा आला. हळदीचा तो झळझळीत हिरवा मला अजूनही हवाहवासा वाटतो, पण तो आता मी फक्त पेटीत घडी करून ठेवायच्या कापडावरच करते.