समांतर रोधाचं उत्तर ऋण येत असेल तर

मला 1500 ओहम हवा होता, डब्यात 2200 होता. त्याला समांतर किती जोडायचा?

1/1500 = 1/2200 + 1/x

प्रत्येक पद वेगवेगळं उलटं केलं की x = 1500 − 2200 = −700 येतं. डोकं पिकलं. बेरजेचा व्यस्त म्हणजे व्यस्तांची बेरीज नव्हे.

आधी छेद घालवायचे. दोन्ही बाजूंना 1500·2200·x ने गुणा:

2200x = 1500x + 3300000

मग 700x = 3300000, म्हणजे x ≈ 4714. बाजारात 4.7 किलोओहम मिळतो. तो जोडल्यावर हिशेबाने 1498.6 ओहम येतात, 5 टक्के सहनशीलतेच्या रोधांत हा फरक नगण्य.

एवढं करूनही x ऋण आला, तर हवा असलेला रोध हातातल्यापेक्षा मोठा आहे. तिथे एकसरीच जोडणी लागते.