गणपतीच्या टी-शर्टवरचं प्रिंट दुसऱ्याच धुण्यात का तडकलं

इंदूरला आमच्या मंडळासाठी 40 काळे टी-शर्ट छापून घेतले होते. दोन धुण्यांतच माझ्या टी-शर्टवरच्या ‘मोरया’ला सुकलेल्या तळ्यासारख्या भेगा पडल्या. आई म्हणाली, “तू ब्रशने घासलंस, दुसरं काय!” घासलं होतं खरं, पण मूळ दोष तो नव्हता.

एक न धुतलेला टी-शर्ट घेऊन प्रिंट दोन्ही हातांनी हळूच ताणलं. लगेच चिरा पडल्या आणि खालचं काळं कापड दिसलं. म्हणजे शाई कच्ची होती. ही प्लास्टिसॉल शाई वाळत नाही, ती उष्णतेने पक्की होते. साधारण 160 अंश तापमान थराच्या तळापर्यंत पोहोचावं लागतं. काळ्या कापडावर आधी पांढरा थर देतात, त्यामुळे जाडी वाढते. वरून हाताला कोरडं लागतं, आत कच्चंच राहतं. मग गरम पाणी आणि मशीनची घुसळण उरलेलं काम करतात.

उरलेले टी-शर्ट ओळखीच्या दुकानात हीट प्रेसवर नेले. वर टेफ्लॉन शीट ठेवून 160 अंशांवर, हलक्या दाबाने 15 सेकंद. थंड झाल्यावर ताणलं, चीर नाही. माझा तडकलेला मात्र तसाच राहिला. पडलेली भेग सांधत नाही.

आता उलटा करून गार पाण्यात धुतो, इस्त्रीही उलट्या बाजूनेच. सुलट फिरवली तर शाई मऊ होऊन इस्त्रीलाच चिकटते. ब्रश आईने लपवलाय.