उजव्या मेंदूने बोलण्याचे काम हाती घेतले, हे कसे तपासावे

पक्षाघाताने मेंदूच्या डाव्या बाजूला इजा होते, वाचा जाते आणि काही महिन्यांनी परत येऊ लागते. मग हमखास ऐकू येते, ‘उजव्या मेंदूने काम उचलले.’ तसे झालेही असेल, पण ते क्रमाने तपासावे लागते.

१. इजा कुठवर गेली ते बघा. १८६१ मध्ये पॉल ब्रोका यांनी ‘तान’ एवढेच बोलू शकणाऱ्या रुग्णाच्या मेंदूत डाव्या कपाळामागे इजा दाखवली आणि ती जागा बोलण्याची ठरली. तो मेंदू जपून ठेवलेला होता. त्याच्या एमआरआयचे निष्कर्ष २००७ मध्ये प्रसिद्ध झाले तेव्हा इजा आत खोलवर पोचलेली दिसली. याच्या उलटही घडते: गेली असे वाटलेल्या जागेच्या कडेचा भाग शाबूत असतो आणि वाचा त्याच्यामुळे परत येते.

२. एका स्कॅनवर थांबू नका. एफएमआरआय रक्तातल्या ऑक्सिजनचा बदल टिपतो. बोलताना उजवी बाजू उजळली, तर ती तेव्हा कामात होती एवढेच कळते. तिच्यावाचून अडले असते का, हे कळत नाही. शिवाय पक्षाघातानंतर रक्तप्रवाहाचा प्रतिसाद मंदावतो, त्यामुळे जिवंत भागही अंधारा दिसू शकतो. २००६ मध्ये डोरोथी सौर आणि सहकाऱ्यांनी १४ रुग्णांचे तीन वेळा स्कॅन केले. पहिल्या दिवसांत मेंदूतली हालचाल क्षीण होती, दोनेक आठवड्यांनी ती वाढली आणि उजवीकडे ठळक झाली, तर वर्षभराच्या सुमारास भर पुन्हा डावीकडे सरकला. फक्त मधलाच स्कॅन हाती असता, तर निष्कर्ष चुकला असता.

३. उजवी बाजू थांबली तर काय होते ते शोधा. खरी कसोटी हीच. १८७७ मध्ये थॉमस बार्लो यांनी दहा वर्षांच्या मुलाची हकीकत नोंदवली. डाव्या मेंदूच्या इजेने त्याची वाचा गेली आणि लवकरच परत आली. पुढे उजव्या बाजूलाही इजा झाली आणि वाचा पुन्हा गेली. पुरावा पक्का वाटतो, पण त्या मुलाला जीभ आणि ओठही मनाप्रमाणे हलवता येत नव्हते. मग भाषा गेली की तोंडाचा ताबा गेला? म्हणून बोलण्याबरोबर समजणे, लिहिणे आणि गिळणेही तपासावे.

१९७१ मध्ये मार्सेल किन्सबोर्न यांनी वाचाघात झालेल्या तिघांची तपासणी केली. मानेतल्या उजव्या धमनीत झोपेचे औषध देऊन उजवा गोलार्ध थोडा वेळ बधिर केला, तेव्हा तिघांचेही बोलणे थांबले. दोघांचा डावाही बधिर केला, पण बोलणे चालूच राहिले. दोन्ही बाजू तपासल्यामुळे या पुराव्याला वजन आहे. मात्र रुग्ण तीनच होते आणि त्यांचे बोलणे तुटकच होते. ज्यांची वाचा जवळपास पूर्ण परतली, त्यांच्याबद्दल यावरून काही ठरवता येत नाही.