सातवाहन, सह्याद्री आणि कल्याणची खाडी: भूगोलावरच्या प्रश्नात या चुका टाळा

स्पर्धा परीक्षेच्या सराव वर्गात दरवर्षी एक प्रश्न फिरून फिरून येतो: "नद्या, पर्वत आणि किनारे यांनी प्राचीन राज्यांचे संरक्षण, व्यापार व उदय कसा घडवला? सातवाहनांच्या संदर्भात चर्चा करा." शब्द २५०, गुण १५. उत्तरपत्रिका तपासताना पहिल्या चार ओळींतच पुढचं सगळं कळतं, कारण बहुतेकांची सुरुवात एकाच साच्यात असते. नद्यांनी पाणी व सुपीक जमीन दिली, पर्वतांनी संरक्षण दिलं, किनाऱ्यांनी व्यापार दिला. तीन घटक, तीन फायदे, तीन परिच्छेद.

यातलं एकही वाक्य खोटं नाही, आणि तरीही गुण मिळत नाहीत. सातवाहन हा शब्द खोडून तिथे चोळ किंवा मगध लिहिलं तरी ते उत्तर तसंच चालतं. लिहिताना स्वतःच ही परीक्षा घ्या. राज्याचं नाव बदलल्यावरही वाक्य टिकत असेल, तर ते वाक्य त्या राज्याबद्दल काहीच सांगत नाही.

सह्याद्रीला भिंत समजणं

ही सगळ्यात मोठी चूक. "सह्याद्रीने सातवाहनांचं पश्चिमेकडून रक्षण केलं" असं लिहिलं की प्रश्न उभा राहतो: मग जुन्नर, नाशिक, कार्ले ही ठिकाणं इतकी महत्त्वाची का होती? जुन्नरच्या आसपासच्या डोंगरांत दोनशेहून अधिक लेणी आहेत. नुसत्या भिंतीच्या आडोशाला एवढी दानं कोण देईल?

नकाशावर या तिन्ही गावांची जागा नीट बघा. नाशिक थळघाटाच्या वर आहे, जुन्नर नाणेघाटाच्या वर आणि कार्ले बोरघाटाच्या वर. कोकणातून देशावर चढणाऱ्या वाटा इथे येऊन मिळतात. सह्याद्रीचा पश्चिमेकडचा कडा बहुतेक ठिकाणी बैल चढू शकणार नाही इतका उभा आहे, म्हणून माल चढण्या-उतरण्याच्या जागा थोड्या. थोड्या असल्यामुळेच त्या ताब्यात ठेवता येतात, तिथे पहारा बसवता येतो आणि कर घेता येतो. डोंगराने सातवाहनांना जे दिलं ते मोजक्या दारांमध्ये होतं.

नाणेघाट जवळून बघितला की हे पटतं. कोकणातून दगडी वाटेने वर येताना माथ्याच्या जरा खाली एक कोरीव गुहा लागते. तिच्या भिंतींवर ब्राह्मी लिपीत प्राकृत भाषेतला मोठा लेख आहे. मागच्या भिंतीवर राजघराण्यातल्या व्यक्तींच्या मूर्ती होत्या. सिमुक, सातकर्णी, नागनिका अशी नावं अजून वाचता येतात, मूर्तींची मात्र फक्त पावलं उरली आहेत. राजघराण्याने आपल्या मूर्ती राजवाड्यात नाही, घाटाच्या तोंडाशी उभ्या केल्या. चढून येणारा प्रत्येक व्यापारी आधी राजाला भेटत होता. उत्तरात ही एक गोष्ट आली तरी "पर्वत आणि राज्याचा उदय" यांचा धागा जुळतो.

इथेच एक घसरण होते. "नाणेघाटच्या लेखात जकातीची नोंद आहे" असं अनेक जण ठोकून देतात. तशी नोंद त्या लेखात नाही. त्यात राणी नागनिकेच्या घराण्याने केलेले वैदिक यज्ञ आणि दक्षिणा म्हणून दिलेल्या गाई, घोडे, हत्ती, कार्षापण नाणी यांची यादी आहे. जकातीची गोष्ट माथ्यावरच्या दगडी रांजणाला चिकटलेली आहे आणि ती परंपरा आहे. म्हणून वाक्य असं लिहा: लेखातली भरघोस दक्षिणा घराण्याची संपत्ती दाखवते, आणि लेखाची जागा त्या संपत्तीच्या एका वाटेकडे बोट दाखवते. लेख काय म्हणतो आणि आपण त्यावरून काय अनुमान काढतो, हे दोन्ही वेगळं ठेवलेलं तपासणाऱ्याला लगेच दिसतं.

गोदावरीतून माल बंदरात नेणं

"पैठण गोदावरीकाठी असल्याने माल नदीमार्गे बंदरांत जाई." हे वाक्य आलं की मी पेन खाली ठेवतो. सोपारा, कल्याण, भडोच ही बंदरं पश्चिमेला आहेत आणि गोदावरी पूर्वेला वाहते. पैठणहून नदीत सोडलेली नाव सोपाऱ्याला कधीच पोचणार नाही.

मग माल जायचा कसा? इसवी सनाच्या पहिल्या शतकात एका ग्रीक भाषिक लेखकाने समुद्रव्यापाराची माहितीपुस्तिका लिहिली, तिला आपण 'पेरिप्लस' म्हणून ओळखतो. त्यात भडोचहून दक्षिणेला वीस दिवसांच्या वाटेवर पैठण आणि तिथून पूर्वेला दहा दिवसांवर तगर, म्हणजे आपलं धाराशिव जिल्ह्यातलं तेर, असं सांगितलं आहे. पैठणहून रंगीत मौल्यवान दगड आणि तेरहून कापड गाड्यांमधून, धड रस्ते नसलेल्या मुलखातून, भडोचला येतं अशी नोंद आहे. गोदावरीने काठाला शेती दिली, गावं दिली, राजधानी दिली. वाहतूक बैलांच्या खांद्यावर होती.

नदी तर कधी कधी अडथळाच होती. नाशिकच्या लेण्यात सातवाहनांचा प्रतिस्पर्धी शक राजा क्षत्रप नहपान याचा जावई उषवदात याचा लेख आहे. आपण कोणकोणत्या नद्यांवर फुकट नावेची सोय केली याची यादी तो देतो: इबा, पारदा, दमण, तापी, करबेणा, दाहनुका. यातल्या बऱ्याच नद्या दक्षिण गुजरात ते डहाणू या पट्ट्यात सह्याद्रीकडून समुद्राकडे आडव्या जातात. किनाऱ्याने उत्तर-दक्षिण जाणाऱ्या माणसाला प्रत्येक नदीवर थांबावं लागायचं, नावाड्याला पैसे मोजावे लागायचे. उषवदाताने तोच खर्च उचलला. पुण्य म्हणून केलेलं दान, आणि परिणामात भडोच-सोपारा वाट मोकळी. "नदी म्हणजे पाणीपुरवठा" याच्या कितीतरी पुढे हा मुद्दा जातो.

भूगोलालाच निर्णय घेऊ देणं

दुसऱ्या टोकाची चूक अभ्यासू विद्यार्थी करतात. त्यांना घाट आणि बंदरं माहीत असतात, मग ते लिहितात, "अनुकूल भूगोलामुळे सातवाहनांचा उदय झाला." पण तोच भूगोल नहपानाच्या वाट्यालाही आला होता. मग त्याचं राज्य का गेलं?

कल्याणचं उदाहरण इथे पूर्ण मांडण्यासारखं आहे. पेरिप्लसचा लेखक सांगतो की थोरल्या सरगनसच्या काळात कल्याण हे रीतसर व्यापाराचं बंदर होतं. हा कोणीतरी सातकर्णी असावा. पुढे ते सँडनेस नावाच्या राज्यकर्त्याच्या हाती गेलं आणि तिथला व्यापार अडवला गेला. आता चुकून तिथे ग्रीक जहाज लागलं तर पहारा देऊन भडोचला नेतात, असं तो लिहितो. उल्हास खाडी जागेवर होती, नाणेघाट जागेवर होता, मोसमी वारे तसेच वाहत होते. तरी बंदर बसलं, कारण मालाची वाट वळवणारी सत्ता बदलली होती.

घाटमाथ्यावरही हेच घडलेलं दिसतं. क्षत्रपांचे लेख कुठे आहेत ते पाहा: नाशिकला आणि कार्ल्याला उषवदाताचे, जुन्नरला नहपानाचा अमात्य अयम याचा. तिन्ही घाटांची वरची तोंडं त्यांच्या हातात. म्हणजे सातवाहनांकडे गोदावरीचं खोरं कदाचित उरलं असेल, पण समुद्राकडे उतरायची दारं गेली होती. गौतमीपुत्र सातकर्णीने ती परत मिळवली. त्याच्या १८व्या वर्षाच्या नाशिक लेखात उषवदाताच्या ताब्यातलं दोनशे निवर्तनं शेत भिक्षूंना दिल्याची आज्ञा आहे. नाशिकजवळ जोगलटेंभी इथे १९०६ साली नहपानाच्या चांदीच्या नाण्यांचा साठा सापडला. तेरा हजारांहून अधिक नाणी, आणि त्यांतल्या नऊ हजारांहून अधिक नाण्यांवर गौतमीपुत्राने आपला छाप पुन्हा मारलेला. शेत हस्तांतरित झालं, नाणी हस्तांतरित झाली, डोंगर होता तिथेच राहिला.

पुढे इसवी सन १५०च्या सुमाराच्या जुनागढ लेखात क्षत्रप रुद्रदामन सांगतो की आपण दक्षिणापथाच्या सातकर्णीला दोनदा हरवलं. त्याच्या प्रदेशांच्या यादीत अपरान्त, म्हणजे उत्तर कोकण, आहे. किनारा पुन्हा गेला होता.

एक सावधगिरी इथेच सांगतो. गौतमी बलश्रीच्या नाशिक लेखात गौतमीपुत्राला "ज्याच्या वाहनांनी तीन समुद्रांचं पाणी प्यायलं" असं म्हटलं आहे आणि विंध्य, सह्य, मलय अशा पर्वतांचा स्वामी म्हटलं आहे. ही आईने मुलाची केलेली प्रशस्ती आहे. तिच्यावरून राज्याची सीमा आखू नका. पण समुद्र आणि पर्वत यांच्या नावाने राजाचा मोठेपणा मोजला जात होता, एवढा पुरावा ती नक्की देते.

आजचा नकाशा डोळ्यासमोर ठेवणं

सोपारा म्हणजे आजचं नालासोपारा. आज तिथे उतरून बंदर शोधाल तर दाट वस्ती दिसेल, कारण खाडी गाळाने भरत गेली. तिथे अशोकाच्या शिलालेखाचे तुकडे मिळाले आणि १८८२ साली भगवानलाल इंद्रजींनी स्तूप उकरला, म्हणून जुनं महत्त्व कळतं. "किनाऱ्यावरची बंदरं" असं लिहिण्याऐवजी "खाडीच्या आतली बंदरं" असं लिहा. पावसाळ्यात उघड्या समुद्रापासून जहाजाला आडोसा हवा, तो खाडी देते. तीच खाडी गाळाने बंदराचा जीवही घेते.

तेच उत्तर पुन्हा लिहिलं तर

वर्गातल्या एका मुलीने पहिल्या मसुद्यात लिहिलं होतं, "पश्चिम घाटामुळे सातवाहनांना संरक्षण व समुद्रामुळे व्यापार मिळाला." दुसऱ्या वेळी तिने असं लिहिलं:

"सातवाहनांचं बळ गोदावरी खोऱ्यातल्या शेतीवर आणि सह्याद्रीच्या घाटवाटांवर उभं होतं. नाणेघाटातल्या राजमूर्ती या वाटेवरचा हक्क दाखवतात. क्षत्रपांनी नाशिक, जुन्नर, कार्ले घेतल्यावर सातवाहन समुद्रापासून तुटले. जोगलटेंभीची पुन्हा छापलेली नाणी त्या वाटा परत मिळाल्याचं सांगतात. कल्याणचा व्यापार भडोचकडे वळवला गेला, यावरून भूगोल संधी देतो आणि ती टिकवणं सत्तेवर अवलंबून असतं, हे दिसतं."

पन्नास-साठ शब्द आहेत, पण यातलं सातवाहन हे नाव बदलता येत नाही. उरलेल्या जागेत तिने चार रेघांचा नकाशा काढला: पश्चिमेला किनारा, त्यावर भडोच, सोपारा, कल्याण, मधे सह्याद्रीची रेघ आणि तिच्यावर तीन फटी, पलीकडे गोदावरीवर पैठण आणि आणखी आत तेर. गोदावरीवर तिने पूर्वेकडे बाण काढला होता.