पाकिटावरचे तारे आणि रंग वाचताना या चुका टाळा

मेलबर्नहून किंवा लंडनहून मुलगा-सून घरी आले की बॅगेतून चॉकलेटांबरोबर म्युझली, भाजलेले चणे, शेवेसारखं काहीतरी निघतंच. ऑस्ट्रेलियाच्या पाकिटावर पदार्थ तब्येतीला कितपत बरा हे सांगणारे अर्ध्यापासून पाचपर्यंत तारे असतात, ब्रिटनच्या पाकिटावर मीठ, साखर, फॅट जास्त की कमी हे सांगणाऱ्या लाल, केशरी आणि हिरव्या चौकटी. आपल्याकडेही एफएसएसएआयने सप्टेंबर २०२२ मध्ये ताऱ्यांच्या पद्धतीचा मसुदा काढला होता. त्यामुळे ही खूण आता इंदूरच्या घरांतही ओळखीची होत चालली आहे. तक्रार एवढीच की लोक पुढची बाजू बघतात आणि पाकीट उलटायचे कष्ट घेत नाहीत. सगळ्या चुका तिथूनच सुरू होतात.

रंग एका मापाचा, आकडा दुसऱ्या मापाचा

ही चूक सर्वांत जास्त वेळा दिसते, म्हणून आधी हीच. लोकमान्य नगरातल्या एका घराचं उदाहरण घेऊ. आकडे हिशेबाला सोपे घेतले आहेत, पण पाकिटांवर असतात ते साधारण असेच. आईंना रक्तदाबाचा त्रास आहे. मुलाने लंडनहून शेवेचं पाकीट आणलं. त्याच्या पुढच्या बाजूला मिठाची चौकट केशरी, आत आकडा ०.४२ ग्रॅम. डब्यात इंदूरचीच शेव होती, तिच्या पाकिटामागे सोडियम ६२० मिलिग्रॅम. मुलगा म्हणाला, "आई, ही खा तू. आपल्या शेवेत बघ, सहाशेच्या वर आहे, आणि हिच्यात अर्धा ग्रॅमही नाही." आईंनी घरची शेव बंद केली आणि लंडनची मात्र मनसोक्त खाल्ली.

आता तेच आकडे एका मापात आणू. ब्रिटनच्या पाकिटावर पुढे छापलेला आकडा एका पोर्शनचा असतो, इथे ३० ग्रॅमचा. रंग मात्र १०० ग्रॅमवरून ठरतो. (पिझ्झासारख्या पदार्थाचं पोर्शन १०० ग्रॅमहून मोठं असलं तर त्याला लाल रंगाची आणखी एक मर्यादा लागते, नमकीनला तिचा संबंध नाही.) ३० ग्रॅममध्ये ०.४२ ग्रॅम मीठ म्हणजे १०० ग्रॅममध्ये १.४ ग्रॅम. शिवाय ते लोक मीठ लिहितात आणि आपण सोडियम लिहितो. मिठाला अडीचने भागलं की सोडियम मिळतं, म्हणून १.४ ग्रॅम मीठ म्हणजे ५६० मिलिग्रॅम सोडियम. एकीकडे ५६०, दुसरीकडे ६२०. मुलाला जो एवढा मोठा फरक वाटला, तो १०० ग्रॅममागे ६० मिलिग्रॅमचा निघाला. ३० ग्रॅमच्या मुठीत तर तो फक्त १८ मिलिग्रॅम.

पुढची गंमत रंगाची. ब्रिटनच्या पद्धतीत १०० ग्रॅममध्ये मीठ ०.३ ग्रॅमपर्यंत असेल तर हिरवा, १.५ ग्रॅमच्या वर गेलं की लाल, आणि मधलं सगळं केशरी. आपल्या शेवेचे ६२० मिलिग्रॅम अडीचने गुणले तर १.५५ ग्रॅम मीठ होतं, म्हणजे तिला तिथे लाल चौकट मिळाली असती. १.४ केशरी आणि १.५५ लाल. जिभेला आणि रक्तदाबाला या दोन शेवा जवळपास एकच आहेत, पण रंग बघणाऱ्याला त्यांच्यात भिंत दिसते. उलट ०.३५ ग्रॅमचा पदार्थ आणि १.४ ग्रॅमचा पदार्थ दोन्ही केशरीच, जरी दुसऱ्यात चौपट मीठ असलं तरी. म्हणून रंग बघून "मधलंच आहे ना" म्हणणं सोडा. केशरीचा पट्टा फार रुंद आहे, आणि तुमचं पाकीट त्याच्या कुठल्या टोकाला आहे हे फक्त मागचा तक्ता सांगतो.

यावर उपाय म्हणजे एक सवय. पाकीट हातात आलं की आधी उलटं करा आणि १०० ग्रॅमचा रकाना शोधा. शेजारी 'पर सर्व्हिंग'चा रकाना असतो, त्यावर बोट ठेवून तो झाका. दोन पाकिटं ताडायची तर दोन्हीकडे १०० ग्रॅमच. मीठ लिहिलं असेल तर त्याचं सोडियम करून पेन्सिलने पाकिटावरच लिहून ठेवा, म्हणजे दर वेळी डोकं लावायला नको. लक्षात ठेवायचे आकडे दोनच: १०० ग्रॅममध्ये १२० मिलिग्रॅम सोडियमपर्यंत कमी, ६०० च्या वर जास्त. ते वरच्याच हिरव्या आणि लाल मर्यादांचं सोडियममधलं रूप आहे.

त्यानंतर आपलं खरं खाणं मोजा. घरात तराजू असेल तर आपली नेहमीची वाटी शेवेने भरून एकदाच वजन करा आणि आकडा पाठ करा. सकाळी पोह्यांवर मूठभर आणि संध्याकाळी चहाबरोबर वाटीभर असं धरलं तर दिवसाला ८० ग्रॅम शेव सहज जाते. लंडनच्या शेवेचे ८० ग्रॅम म्हणजे ४४८ मिलिग्रॅम सोडियम. आपल्या लेबलांवर दिवसाचं प्रमाण २००० मिलिग्रॅम धरलेलं असतं, त्याच्या पाचव्या हिश्शाहून जास्त एकट्या शेवेतून आलं. पुढचा ०.४२ पाहणाऱ्याला याचा पत्ताही लागत नाही. कंपनीने खोटं काहीच छापलेलं नाही. वाचणाऱ्याने घाई केली, एवढंच.

तारे म्हणजे वजाबाकी

तारा बघून रक्तदाबाच्या किंवा किडनीच्या पेशंटसाठी पाकीट निवडणारे लोक भेटले की काळजी वाटते. तारा त्या कामाचा नाहीच. ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंडची पद्धत २०१४ पासून चालू आहे आणि ती अशी चालते: ऊर्जा, सॅच्युरेटेड फॅट, साखर आणि सोडियम यांचे दंडाचे गुण धरायचे, मग त्यातून प्रथिनं, तंतू आणि फळं-भाज्या-डाळी-सुकामेवा यांचे चांगले गुण वजा करायचे. उरेल त्यावर तारे. आपल्या मसुद्याचा सांगाडाही असाच होता.

भाजलेले खारे चणे घ्या. १०० ग्रॅममध्ये ५०० मिलिग्रॅम सोडियम असेल तर दंडाचे ५ गुण. त्याच पाकिटात निव्वळ ५ ग्रॅम तंतू असते तरी ५ चांगले गुण मिळाले असते आणि मिठाचा दंड कागदावरून पुसला गेला असता. चण्यात तंतू त्याहून कितीतरी जास्त, वर प्रथिनंही भरपूर. त्यामुळे १०० मिलिग्रॅम सोडियमचे अळणी चणे आणि ५०० मिलिग्रॅमचे खारे चणे, दोन्ही पाच ताऱ्यांच्या आसपासच राहतात. पाचाच्या वर तारा नाही, म्हणून अळणी चण्यांचं चांगलेपण दाखवायला जागाच उरत नाही.

सर्वसाधारण निरोगी माणसासाठी ही वजाबाकी चूक नाही. चणे हे बिस्किटापेक्षा बरं खाणं आहे आणि तारा तेवढंच सांगतो. पण पोटात गेल्यावर तंतू मीठ खोडत नाही. ज्याला डॉक्टरांनी एकच गोष्ट कमी करायला सांगितली आहे, त्याने बेरीज-वजाबाकीचा निकाल बघून काय उपयोग? त्याने तक्त्यातली ती एकच ओळ बघावी. मीठ सांभाळायचं तर सोडियम, कोलेस्टेरॉलची काळजी असेल तर सॅच्युरेटेड फॅट. तेलाचं नाव घटकांच्या यादीत मिळतं. पामोलिन लिहिलं असेल तर सॅच्युरेटेड फॅटची ओळ जरूर बघा. शेंगदाणा किंवा सूर्यफूल तेलात तळलेल्या शेवेपेक्षा ती सहसा बरीच वर असते, जरी एकूण फॅट सारखं असलं तरी.

साखर हिरवी, म्हणून मधुमेहाला चालेल

नाही. साखरेची हिरवी चौकट म्हणजे १०० ग्रॅममध्ये साखर ५ ग्रॅमपर्यंत, बस. पिठाचा, म्हणजे स्टार्चचा हिशेब ना रंगात असतो ना ताऱ्यांत. मुरमुरे, खाखरा, तांदळाचे चकतीसारखे क्रॅकर यांत साखर जवळपास नसते, पण कर्बोदकं १०० ग्रॅममध्ये साठ-सत्तर ग्रॅम आणि त्याहूनही वर असतात. आजोबांना "हिरवं आहे, बिनधास्त खा" म्हणून आख्खा पुडा देणारी नातवंडं प्रेमाने देतात, पण तक्त्यात 'टोटल कार्बोहायड्रेट' ही ओळ तिथेच छापलेली असते. १०० ग्रॅमला ६४ ग्रॅम कर्बोदकं असलेल्या खाखऱ्याचे ३० ग्रॅम खाल्ले की १९ ग्रॅम कर्बोदकं पोटात जातात. तेवढी पोळीतून आली असती तर आपण ती मोजलीच असती.

उलटंही होतं. खजूर-बेदाण्याच्या वडीला साखरेची लाल चौकट मिळते, कारण रंग एकूण साखर मोजतो आणि खजुराची स्वतःची साखर त्यातच येते. वरून घातलेली साखर वेगळी बघायची सोय ब्रिटनच्या तक्त्यात नाही, आपल्या तक्त्यात आहे: 'ॲडेड शुगर' अशी स्वतंत्र ओळ. मुलांचा खाऊ निवडायला ती उपयोगी. मधुमेह असलेल्याने मात्र खजुराची साखरही साखरच धरावी.

आणखी काही, थोडक्यात

दुधात घालायच्या माल्ट पावडरला मिळालेले तारे पावडरचे आहेत की स्किम्ड दुधात कालवलेल्या पेल्याचे, ते आधी पाहा. ऑस्ट्रेलियात एका प्रसिद्ध पावडरवर दुधासह हिशेब करून साडेचार तारे छापले जात होते. बरीच टीका झाल्यावर २०१८ मध्ये ते काढले गेले.

तेलाचे तारे आणि बिस्किटाचे तारे एकमेकांशी ताडू नका. तेल, चीज, पेय यांचे गट वेगळे, मोजपट्टीही वेगळी.

ब्रिटन-ऑस्ट्रेलियात रंग आणि तारे छापणं कंपनीच्या मर्जीवर आहे. पाकिटावर काहीच नसलं तर त्यावरून पदार्थ वाईट ठरत नाही आणि चांगलाही ठरत नाही.

आपल्या पाकिटावरचा हिरव्या चौकोनातला हिरवा ठिपका म्हणजे शाकाहारी, एवढाच त्याचा अर्थ. तुपात तळलेली, साखरेत घोळलेली वस्तूही त्या ठिपक्याची हक्कदार असते. परदेशातून आलेल्या पाहुण्यांना हे आवर्जून सांगा, ते हमखास हिरवा सिग्नल समजतात.

आणि पोह्यांवर जिरावण भुरभुरणाऱ्यांनी त्यातलं मीठ वेगळं धरावं. शेवेच्या पाकिटावरचा कुठलाही तारा किंवा रंग त्या चिमटीचा हिशेब करत नाही. तो जिरावणाच्या पुडीमागे, सोडियमच्या ओळीत सापडेल.