बारबेलशिवाय पायांची ताकद वाढवताना

जड वजन उचलणे बंद झाल्यावर मी खुर्चीसमोर उभे राहून एका पायावर पाच सेकंद मोजत खाली बसू लागलो आणि उठताना मात्र दोन्ही पाय वापरू लागलो, कारण स्नायू जेवढे वजन उचलू शकतो त्याहून अधिक वजन तो सावकाश खाली सोडताना पेलतो. बैठकीच्या अगदी आधीचे चार बोटे अंतर सर्वांत अवघड. तिथे शरीर धपकन पडू लागले की तो सेट तिथेच संपवावा. खाली जाताना मध्येच शरीर स्थिर धरले की ताकद मुख्यत्वे गुडघ्याच्या त्याच कोनाच्या आसपास वाढते, म्हणून मी खुर्चीच्या जरा वर आणि अर्ध्या वाटेवर अशा दोन ठिकाणी थांबतो. सुरुवातीला प्रत्येक पायाला पाचच आवर्तने पुरतात. मांड्यांचे खरे दुखणे दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी कळते.